व्हाउचर नंबर २३६

डिसेंबरातली दुपार होती. जेवण करून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात चौकीदार बेल वाजवून सांगून गेला, "काका, ऑफिसात बोलावलंय. ऑडिटवाल्या बेन आल्यात." सोसायटीचे हिशेब सोडून मला पाच वर्षं होऊन गेली होती. हिनं विचारलं, "आता तुम्हाला कशाला बोलावतात?" मला ठाऊक नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घातला, चष्मा घेतला आणि जिना उतरलो.

आमची सोसायटी दांडियाबाजारापासून चालत दहा मिनिटांवर आहे. अठ्ठेचाळीस फ्लॅट, त्यातली निम्मी घरं मराठी. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, शेजारी पाण्याच्या मोटरीचा पंप. अडतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झाल्यावर तिथंच एका टेबलाशी बसून मी सोसायटीचा रोजमेळ लिहिला, महिना दीड हजार मानधनावर. रोजमेळ हा आमच्या बडोद्यातला शब्द. माझे वडील त्याला कीर्द म्हणत. रोजचं आलं-गेलं आणि दिवसअखेरची सिलक, सगळं त्यात.

खुर्चीवर पंचविशीतली मुलगी बसली होती. समोर लॅपटॉप, आणि फाइलीतून जागोजागी पिवळ्या चिठ्ठ्या बाहेर डोकावत होत्या. सहकारी कायद्याच्या कलम ८४ प्रमाणे ऑडिट दरवर्षी व्हायला हवं, आमचं बरंच थकलं होतं. नव्या कमिटीनं पुनर्बांधणीचा विषय काढल्यावर सगळी वर्षं एकदम काढायची ठरली. मी नमस्कार केला तशी ती उठून उभी राहिली आणि चक्क मराठीत म्हणाली, "काका, २०१८-१९ ची फाइल तुमच्या हातची ना?" घर रावपुऱ्यातलं, हे मागाहून कळलं. बोलायची मराठी, पण आकडे मोजायची गुजरातीत. इथल्या आमच्या मुलांचं सगळ्यांचं तसंच आहे.

"माझ्या हातची," मी म्हणालो.

तिनं एक चिठ्ठी पुढे सरकवली. त्यावर सहा आकडे होते. १४३, १८८, १८९, १९०, १९१, २३६. "ही सहा व्हाउचरं फाइलीत नाहीत."

कान तापले. ती काही वावगं बोलली नव्हती, आवाजही मऊ होता. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या बिलांवर 'सही अपूर्ण, परत' असं लाल शाईनं लिहिलेल्या माणसाला एक दिवस तोच प्रश्न कोणीतरी विचारतं, तेव्हा काय होतं ते मला त्या दुपारी समजलं. मी तिला 'अहो'च म्हणत राहिलो. वयानं नातीएवढी असली तरी ऑडिटरच्या खुर्चीत बसलेली होती.

सेक्रेटरी बाजूलाच उभे होते. चांगला माणूस आहे, पण घाईचा. ते लगेच म्हणाले, "बेन, ती पुरात गेली." हे उत्तर बडोद्यात कोणालाही पटेल असंच आहे. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला होता, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीनं २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३७ फुटांच्या वर मजल मारली. दोन्ही वेळा आमच्या ऑफिसात पाणी शिरलं. कपाटाचा खालचा कप्पा कुजून गेला, त्यातली जुनी मेंटेनन्सची पावतीपुस्तकं रद्दीतसुद्धा कोणी घेतली नाहीत.

मुलीनं काही वाद घातला नाही. तिनं फाइल उभी धरली आणि कागदांच्या कडा मला दाखवल्या. पाणी लागलेल्या कागदाला सुकल्यावर तपकिरी रेघ येते, पानं एकमेकांना चिकटतात, स्टेपलची पिन गंजून तिचा डाग खालच्या चार कागदांवर उतरतो. या फाइलीच्या कडा पांढऱ्या होत्या, पिना चकचकीत. ही फाइल वरच्या कप्प्यात होती. "आणि काका," ती म्हणाली, "पुराचं पाणी फाइलीतून मोजून सहाच कागद कसे नेईल? टॅगची गाठ तर तशीच आहे."

मला ती त्याच क्षणी आवडली. सेक्रेटरींना सांगितलं, तुम्ही घरी जा, आम्ही दोघं बघतो.

फाइलीत नंबर सापडला नाही की पहिला प्रश्न विचारायचा तो असा: हा नंबर रोजमेळात आहे का? व्हाउचर हा पैसे गेल्याचा कागद आहे आणि रोजमेळ ही पैसे गेल्याची नोंद. नोंद आहे आणि कागद नाही, तर कागद हरवलाय. नोंदही नाही आणि कागदही नाही, तर बहुतेक तो नंबर कधी वापरलाच गेला नाही. हे पहिल्यांदा वेगळं केलं नाही, तर माणूस नसलेल्या कागदाच्या शोधात दिवस घालवतो, आणि सगळ्यांच्या तोंडी मात्र 'सहा व्हाउचरं गायब' एवढंच राहतं. आमच्या व्हाउचर-पॅडवर नंबर छापलेला नसायचा, मी हातानं घालायचो. चूक व्हायला जागा होती.

रोजमेळ उघडला. १८८ ते १९१ होते. २३६ होता. १४३ नव्हता.

१४२ नंबर ५ नोव्हेंबर २०१८ चा, धनत्रयोदशीचा. चौकीदार आणि झाडूवाली यांची दिवाळीची बक्षिसी. त्यानंतरची नोंद १२ नोव्हेंबरची, लाभपाचमची. आमच्याकडे दिवाळीत बंद केलेले वह्या-व्यवहार लाभपाचमीलाच उघडतात. त्या दिवशी पहिलंच व्हाउचर १४४. पाच तारखेची अखेरची सिलक ६,४१५ रुपये, बारा तारखेची सुरुवातीची सिलक ६,४१५ रुपये. १४४ चे बाराशे वजा होऊन राहिले ५,२१५. मध्ये एक रुपयाही हललेला नाही.

"पण सिलक तर तुम्हीच लिहिलेली," ती म्हणाली. बरोबर बोलली. रोजमेळ लिहिणाऱ्यानंच लिहिलेली सिलक हा पुरावा अर्धाच. म्हणून मी तिला नोव्हेंबरअखेरचा रोकड मोजणीचा कागद काढून दिला. दर महिन्याच्या शेवटी खजिनदार पेटी उघडून नोटा मोजायचे. पाचशेच्या किती, शंभराच्या किती, चिल्लर किती, आणि खाली त्यांची सही. तो आकडा रोजमेळाशी जुळत होता. १४३ नंबरचे पैसे गुपचूप गेले असते, तर महिनाअखेरीला पेटीत तेवढे कमी भरले असते. सुट्टीनंतर मी नंबर घालताना एक ओलांडला होता, एवढंच. तिनं चिठ्ठीवरचा १४३ खोडला आणि बाजूला लिहिलं, 'क्रमांक वगळला गेला, नोंद नाही.'

मग चार नंबर ओळीनं. १८८ ते १९१, जानेवारी २०१९, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची दुरुस्ती. १८,०००, २२,५००, ९,४०० आणि ६,६००. बेरीज ५६,५००. सगळे चेकनं. चेकनं दिलेल्या पैशाची पाऊलखूण चार ठिकाणी राहते, त्यामुळे व्हाउचर नसलं तरी जीव घाबरा होत नाही. चेकबुकाच्या स्थळप्रतीवर नाव आणि रक्कम होती. बँकेच्या उताऱ्यात त्याच नंबरचे चेक त्याच रकमांना वटलेले होते. कमिटीच्या ठराव-वहीत टाकीच्या कामाला मंजुरी होती, आणि कंत्राटदाराचं कोटेशन ठरावाला जोडलेलं होतं. पैसे कोणाला गेले आणि कशासाठी गेले, हे उभं राहिलं. राहिला प्रश्न, कागद कुठे गेले. रकमा बरोबर असल्या तरी हा प्रश्न सोडायचा नसतो, कारण ओळीनं चार कागद आपोआप पडत नाहीत. कोणीतरी काढलेले असतात.

मला आठवेना. तिनंच विचारलं, "या टाकीवरून काही भांडण झालं होतं का?"

झालं होतं की! टाकी दुरुस्त होऊनही वरच्या मजल्यावरच्या एका सभासदाच्या छतातून गळत राहिलं आणि प्रकरण बोर्ड ऑफ नॉमिनीजपर्यंत गेलं. गुजरातेत सोसायटी आणि सभासद यांचे तंटे तिथं चालतात. मी आवक-जावक रजिस्टर काढलं. जुलै २०१९ च्या पानावर माझ्याच अक्षरात ओळ होती: 'टाकी दुरुस्तीची मूळ व्हाउचरं, नग ४, वकीलसाहेबांकडे, दाव्यात हजर करण्यासाठी.' पुढच्या रकान्यात घेणाऱ्याची सही. मूळ कागद दाव्यात लागले होते. प्रकरण मिटलं, पण ते परत मागवायचं कोणाला सुचलं नाही. खरं तर त्या दिवशी मी झेरॉक्स काढून फाइलीत लावायला हवी होती. ती लावली असती तर हे चार नंबर चिठ्ठीवर आलेच नसते. सेक्रेटरींनी प्रमाणित नकलांसाठी अर्ज करायचा असं ठरलं.

तोवर संध्याकाळ झाली. २३६ राहिला. १६ मार्च २०१९, पाण्याच्या मोटरीचं वाइंडिंग, २,८५० रुपये, रोख. रोखीच्या खर्चामागे ना बँकेचा उतारा, ना स्थळप्रत. अशा छोट्या कामाला ठरावही होत नाही. "उद्या बघू काका," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

रात्री साडेआठला सेक्रेटरी घरी आले. हातात जुनं व्हाउचर-पॅड. मी सोडून गेलो तेव्हा अर्धवट राहिलेलं, माझंच. टेबलावर ठेवून हळूच म्हणाले, "काका, लखी नाखो ने. तमारा ज अक्षर छे." तुमचंच अक्षर आहे, लिहून टाका. एका २,८५० साठी अख्ख्या वर्षावर शेरा कशाला? मोटर तर खरंच बांधून आली होती. पैसे तर खरंच दिले होते. मी काही न बोलता पॅड ठेवून घेतलं, आणि ते गेले.

खोटं कशाला सांगू, दहा मिनिटं मी त्या पॅडसमोर बसून होतो. हिनं दोनदा विचारलं, झोपायचं नाही का. नोकरीत असताना मी अशी मागाहून केलेली व्हाउचरं पकडली आहेत. ती ओळखता येतात. वेगवेगळ्या महिन्यांची असून शाई एकाच पेनाची असते. पाच हजारांच्या वरच्या पावतीला रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लागतं, तर तिकीट जुन्या तारखेच्या कागदावर कोरं करकरीत दिसतं. कागदाला टॅगचं भोक असतं, पण त्याच्या कडा फाइलीत वर्षानुवर्षं हलून झिजलेल्या नसतात. पण माझा हात थांबला तो पकडलं जाण्याच्या भीतीनं नाही. हरवलेल्या व्हाउचरानं एका खर्चाबद्दल शंका येते. खोटं व्हाउचर त्या फाइलीत शिरलं की खरी तीनशेही त्याच्याच रांगेत उभी राहतात. दुपारी मी त्या मुलीला रोकड मोजणीचा कागद दाखवला आणि तिनं विश्वास ठेवला. उद्या तिनं तो कशाच्या आधारावर ठेवायचा?

पॅड बाजूला सारायला गेलो आणि वरच्या कोऱ्या पानावरून अंगठा फिरला. खडबडीत लागलं. दिव्याकडे तिरकं धरलं तर शाई नसलेली अक्षरं दिसली. मी शेवटचं लिहून फाडलेलं व्हाउचर त्या खालच्या पानावर उमटलं होतं. माझा हात जड आहे. नोकरीतली पहिली पंधरा-वीस वर्षं कार्बन घालून तीन-तीन प्रती काढण्यात गेली. तिसरी प्रत वाचता आली नाही तर साहेब कागद भिरकावायचे. बॉलपेन दाबून लिहायची सवय बोटांत तेव्हाची बसली ती अजून आहे.

त्या रात्री मला झोप अशी लागलीच नाही.

सकाळी दहाला मी ऑफिसात तिच्या आधी पोचलो. ती आल्याबरोबर म्हटलं, "मला २३७ दाखवा." ती गोंधळली. "२३६ नाही का?" "२३६ नाहीये. २३७ आहे ना, ते काढा."

पॅडमध्ये २३६ लिहिलं तेव्हा त्याच्या खाली जे कोरं पान होतं, तेच पुढे २३७ झालं. वर त्याचा स्वतःचा मजकूर निळ्या शाईत होता, झाडूचं सामान, तीनशे चाळीस रुपये. खिडकीशी नेऊन मी ते डोळ्यांच्या पातळीला आडवं धरलं. डिसेंबरचं ऊन तिरपं येत होतं, तरी नीट दिसेना. मग तिनं खोलीचा दिवा बंद केला, मोबाइलची टॉर्च लावली आणि कागदाच्या अगदी कडेला लगटून धरली. उजेड वरून पडला की दाबाच्या खुणा बुजतात, बाजूनं आला की प्रत्येक खळगीला सावली मिळते. निळ्या ओळींच्या मधून दुसऱ्या ओळी वर आल्या. तारखेच्या जागी १६. मधे 'मोटर' एवढं स्पष्ट, पुढचा शब्द निळ्या शाईखाली गेलेला. वाइंडिंगवाल्याच्या आडनावाची शेवटची दोन अक्षरं. आणि उजव्या कोपऱ्यात, चौकटीत, मी नेहमी देतो तशा शेवटच्या दोन रेघांसकट: २,८५०.

ती आकडा गुजरातीत पुटपुटली. मग कितीतरी वेळ आम्ही दोघं त्या कागदावर वाकून होतो. तिनं तीन कोनांतून फोटो काढले.

मला वाटलं, सुटलो. तिनं दिवा लावला, खुर्चीवर बसली आणि जपून शब्द वेचत म्हणाली, "काका, व्हाउचर तेव्हाच लिहिलं होतं आणि एवढ्याच रकमेचं होतं, हे दिसतंय. पण घेणाऱ्याची सही यात दिसत नाही."

सही दिसणार नव्हती. सही आम्ही पान फाडून झाल्यावर घ्यायचो. आणि ती हे बोलली त्याच वेळी मला १६ मार्चची ती संध्याकाळ लख्ख आठवली. मोटर बसवून वाइंडिंगवाला मांडवीकडच्या आपल्या दुकानी निघून गेला होता. टाकी भरत होती, बायका बादल्या घेऊन खाली उभ्या होत्या. मी पैसे आणि व्हाउचर तेव्हाच्या चौकीदाराच्या हाती देऊन म्हटलं, पैसे दे आणि सही घेऊन ये. रोजमेळ मी तेवढ्यातच लिहून टाकला, कारण दुसऱ्या दिवशी रविवार होता. चौकीदारानं पैसे पोचवले असणार. नाहीतर वाइंडिंगवाला तिसऱ्या दिवशी दारात आला असता. पण कागद परत आला का, हे मी कधी पाहिलं नाही. तो चौकीदार आता गावी आहे, आणि त्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात.

अडतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की आधी सही, मग नोंद. माझ्या हातून एकदा आधी नोंद झाली.

खिशात पैसे होते. मी तीन हजार काढून टेबलावर ठेवले आणि म्हटलं, मी भरतो. तिनं नोटांना हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, "तुम्ही भरलेत तर मला ते वसुली म्हणून जमा दाखवावं लागेल. वसुली झाली याचा अर्थ खर्च झालाच नव्हता. मग मोटर कोणी बांधली?" बाहेर पंप चालू होता. त्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू येत होता. मी पैसे परत खिशात ठेवले.

आमच्या बडोद्यात १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य मंडळी काढली. देशात सहकाराचा पहिला कायदा १९०४ सालचा, म्हणजे त्याच्या आधी पंधरा वर्षं. वडील ही गोष्ट अभिमानानं सांगायचे आणि पुढे म्हणायचे, कायदा नव्हता तेव्हा फक्त वही होती. त्या मुलीला हे मी सांगितलं. तिला अन्योन्यचं नाव माहीत होतं, तिच्या पणजोबांचं तिथं खातं होतं म्हणे.

तिनं शेऱ्याचा मसुदा लिहून मला वाचायला दिला. लिहिलं होतं, '२३६, व्हाउचर गहाळ, दुय्यम पुरावा उपलब्ध.' मी 'गहाळ' शब्दावर बोट ठेवलं. गहाळ म्हणजे होतं आणि हरवलं. सही झालेलं व्हाउचर फाइलीत कधी आलंच नव्हतं. मी म्हटलं, लिहा, 'घेणाऱ्याची सही मिळण्यापूर्वी रोजमेळात नोंद केली, व्हाउचर परत आले नाही.' ती थांबली. "काका, हे तुमच्या नावावर जाईल." मी म्हणालो, "नोंद माझ्याच हातची आहे." तिनं तसं लिहिलं. खाली माझा खुलासा मी स्वतः लिहिला, आठ ओळी, १६ मार्चच्या संध्याकाळसकट, आणि सही केली.

मग तिनं फाइलीची गाठ सोडली, २३७ जागेवर घातलं आणि ड्रॉवरमधून एक कोरा कागद घेतला. पंचिंग मशीननं त्याला भोक पाडलं, वर '२३६, खुलासा पाहावा' असं लिहिलं, आणि २३५ व २३७ च्या मधे तो ओवून टॅग बांधला.